क्लिअर झालेली चॅट कुठे कुठे शिल्लक असते

«ताई, फोनची जागा भरत आली म्हणून काल, मंगळवारी ४ मार्चला, रात्री आठच्या सुमाराला व्हॉट्सॲप आवरायला बसले. काही चॅट आर्काइव्ह केल्या, काही क्लिअर केल्या, दोन डिलीट केल्या. नंतर लक्षात आलं की क्लिअर केलेल्यांत दादाबरोबरची चॅटही गेली. आईच्या आजारपणातले वर्षभराचे मेसेज, रिपोर्टचे फोटो, बदललेल्या औषधांची नावं, सगळं त्यात होतं. दादाचं नाव यादीत अजून दिसतंय, आत मात्र काहीच नाही. या तिन्हींत नेमका फरक काय, आणि यातलं काय परत येऊ शकतं? आर्काइव्ह केलेल्यांचं तरी काही बिघडलेलं नाही ना? माझा फोन अँड्रॉइड आहे. दादाला सांगायचं धाडस होत नाहीये.»

घाईचं काम आधी सांगते, फरकाचं नंतर. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि त्यात 'चॅट बॅकअप' उघडा. तिथे 'बॅक अप' असं बटण दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. त्या पानावर शेवटचा बॅकअप कधी झाला ते लिहिलेलं असतं: एक वेळ फोनमधल्या बॅकअपची, 'लोकल' म्हणून, आणि दुसरी गूगल खात्यावरच्या बॅकअपची. दोन्ही तारखा-वेळा कागदावर उतरवून घ्या. मग खाली आपोआप बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा याची सोय असते. तिथे 'डेली' किंवा 'वीकली' असेल तर ते बदलून मी बटण दाबेन तेव्हाच, असा अर्थ असलेला पर्याय निवडा. एवढं झालं की पुढचं निवांत वाचा.

आता दादाचं. धाडस करा आणि त्यालाच फोन करा, कारण तुमची सगळी चॅट त्याच्याकडे जशीच्या तशी आहे. क्लिअर आणि डिलीट या दोन्ही गोष्टी फक्त तुमच्या बाजूला होतात. व्हॉट्सॲपवर प्रत्येकाची प्रत वेगळी असते आणि तुम्ही तुमची पुसली म्हणून त्याची पुसली जात नाही. तुम्ही पुसलीत हे त्याला कळवलंही जात नाही. दोघांकडून मेसेज जातो तो 'डिलीट फॉर एव्हरीवन' केल्यावर. तो प्रकार एकेका मेसेजपुरता आणि साधारण दोन दिवसांच्या आतच चालतो, तेव्हा वर्षभराच्या चॅटचा त्याच्याशी संबंध नाही.

दादाने त्याच्या फोनवर तुमची चॅट उघडायची, वर तीन ठिपक्यांत जाऊन 'मोअर' आणि 'एक्सपोर्ट चॅट' निवडायचं. फोटो-कागद हवेत का असं विचारेल, तिथे 'इन्क्लूड मीडिया' म्हणायचं आणि ती फाइल तुम्हाला ईमेलने पाठवायची. चॅट फार मोठी असेल तर मीडियासकट एक्सपोर्टमध्ये अलीकडचाच भाग येतो. म्हणून त्याला दोनदा करायला सांगा: एकदा मीडियाशिवाय, म्हणजे मजकूर जास्त मागपर्यंत येईल, आणि एकदा मीडियासकट. जे जुने रिपोर्ट तरीही सुटतील ते त्याला चॅटच्या वर तुमचं नाव दाबून, तिथल्या 'मीडिया, लिंक्स अँड डॉक्स'मधून निवडून फॉरवर्ड करता येतात. एक्सपोर्ट झालेला मजकूर ही साधी टेक्स्ट फाइल असते. ती वाचता येते, त्यात औषधाचं नाव शोधता येतं, छापता येते, पण ती पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये घालून चॅट भरता येत नाही. तुमची गरज मात्र औषधांची नावं आणि रिपोर्ट ही आहे, चॅटचा तो पडदा नव्हे. मला विचाराल तर ऐंशी टक्के लोकांचा प्रश्न इथेच सुटायला हवा. सुटत नाही, कारण समोरच्याला सांगायचा संकोच वाटतो आणि माणसं आधी इंटरनेटवरची 'चॅट रिकव्हरी' ॲप उतरवून बसतात. त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या फोनमध्ये आधीचा बॅकअप नसेल तर ती ॲप काहीही उभं करू शकत नाहीत, आणि असेल तर त्यांची गरज नाही. मधल्या मध्ये ती फोनभरच्या परवानग्या मात्र मागून घेतात.

आता तिन्हींतला फरक. आर्काइव्ह म्हणजे चॅट समोरच्या यादीतून उचलून मागच्या खोलीत ठेवणं. एक अक्षरही पुसलं जात नाही. चॅटच्या यादीत सगळ्यात वर 'आर्काइव्ह्ड' अशी ओळ असते. ती दाबली की सगळ्या चॅट तिथे दिसतात. परत आणायची असेल तिच्यावर बोट दाबून धरा आणि वरचं बाहेर निघणाऱ्या बाणाचं चिन्ह दाबा. उद्या करा, दोन वर्षांनी करा, आहे तशी परत येते. शोधलं तर आर्काइव्हमधले मेसेजही सापडतात. तेव्हा त्या चॅटचं काही बिघडलेलं नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या. आर्काइव्ह केलेल्या चॅटमध्ये नवा मेसेज आला तरी ती आता आपणहून वर येत नाही आणि त्या मेसेजची सूचनाही वाजत नाही. ग्रुपमध्ये कोणी तुमचा नावाने उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच कळतं. पूर्वी, म्हणजे २०२१च्या आधी, नवा मेसेज आला की चॅट पुन्हा मुख्य यादीत यायची आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. जुनी पद्धत हवी असेल तर सेटिंग्जमधल्या 'चॅट्स'मध्ये 'कीप चॅट्स आर्काइव्ह्ड' बंद करा. काल तुम्ही कोणाकोणाला आर्काइव्ह केलं ते एकदा बघा. ज्यांचा मेसेज वेळेवर कळायला हवा असं कोणी त्यात असेल तर त्यांना बाहेर काढा.

आणि हो, आर्काइव्ह केल्याने जागा अजिबात मोकळी होत नाही. तुम्ही ज्यासाठी बसलात ते काम त्याने झालंच नाही.

क्लिअर म्हणजे चॅटचा आतला सगळा मजकूर पुसणं. नाव यादीत राहतं, तुम्हाला दिसतंय तसं. ग्रुप असेल तर तुम्ही ग्रुपमध्येच राहता आणि पुढचे मेसेज येत राहतात. डिलीट म्हणजे तेच, शिवाय यादीतली ओळही काढून टाकणं. पुसलं जाण्याच्या दृष्टीने या दोघांत काही फरक नाही, हे नीट ध्यानात घ्या. पुष्कळ जण क्लिअर हा सौम्य प्रकार समजतात, कारण नाव दिसत राहतं. डिलीट केल्याने माणूस ब्लॉक होत नाही आणि फोनबुकमधून नंबरही जात नाही. त्याने उद्या मेसेज केला की नवी, रिकामी चॅट सुरू होते. ग्रुप डिलीट करायचा तर आधी त्यातून बाहेर पडावं लागतं.

दोन्हींना 'अनडू' नाही आणि व्हॉट्सॲपमध्ये कचऱ्याची टोपलीही नाही, जिथून तीस दिवसांच्या आत वस्तू परत काढता येईल. एकच मेसेज 'डिलीट फॉर मी' केला तर काही सेकंद खाली 'अनडू' दिसतं, ते खरं आहे. त्यामुळेच लोकांना वाटतं की क्लिअरलाही तसंच असेल. तसं नसतं. कॉम्प्युटरवर तेच खातं जोडलेलं असेल तर तिथलीही चॅट पुसली जाते, कारण ती दोन उपकरणं एकाच खात्याचे दोन पडदे आहेत.

मात्र क्लिअर करताना जी छोटी खिडकी उघडते तिच्यात एक चौकोन असतो: या चॅटमध्ये आलेले फोटो-व्हिडिओ फोनच्या गॅलरीतूनही काढायचे का. तारांकित, म्हणजे स्टार केलेले मेसेज पुसायचे का असंही काही वेळा विचारलं जातं. या चौकोनात खूण होती की नव्हती यावर तुमच्या रिपोर्टच्या फोटोंचं भवितव्य ठरलं. तुम्हाला आठवत नसणार. कोणालाच आठवत नाही. म्हणून जाऊन बघा.

फोनमधलं 'फाइल्स' ॲप उघडा आणि `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` या फोल्डरपर्यंत जा. आत `WhatsApp Images` आणि `WhatsApp Documents` असे फोल्डर असतात. फोटोंची नावं `IMG-20241112-WA0007.jpg` अशी असतात. मधले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. आईचा एखादा रिपोर्ट साधारण कधी आला ते माहीत असेल तर त्या तारखेचे फोटो शोधा. मिळाले तर खूण नव्हती, आणि बाकीचेही असतील. तुम्ही स्वतः दादाला पाठवलेले फोटो आतल्या `Sent` नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तोही उघडून बघा. काही लोकांच्या फोनमध्ये हे फोल्डर गूगल फोटोजवर आपोआप चढत असतात, तेव्हा तिथेही आणि तिथल्या 'ट्रॅश'मध्येही एकदा डोकावा. तुमच्याकडे आयफोन असता तर ही वाट बहुधा बंद असती. तिथे मीडिया ॲपच्या पोटातच राहतो आणि 'सेव्ह टू फोटोज' चालू असेल तरच बाहेर त्याची प्रत पडते.

आता राहिला बॅकअप, म्हणजे चॅट चॅटच्याच रूपात परत आणायची खरी वाट. सुरुवातीला बटणाला हात लावू नका म्हटलं त्याचं कारण इथे आहे. गूगल खात्यावर व्हॉट्सॲपचा एकच बॅकअप राहतो. नवा झाला की जुन्यावर लिहिला जातो. रिकाम्या चॅटचा बॅकअप एकदा वर गेला की तिथली भरलेली चॅट संपली.

तुमचंच उदाहरण घेऊ. चॅट गेली मंगळवारी रात्री आठला. व्हॉट्सॲप फोनमधला बॅकअप रोज पहाटे दोनला घेतं, तुम्ही काहीही ठरवलेलं नसलं तरी. म्हणजे मंगळवारी पहाटे दोनचा जो बॅकअप आहे त्यात दादाची चॅट पूर्ण आहे आणि बुधवारी पहाटेच्या बॅकअपमध्ये ती नाही. गूगलवरचा बॅकअप 'डेली' असेल तर बुधवारी पहाटे तोही बदललेला असणार, म्हणजे तिकडून काही मिळायचं नाही. पण 'वीकली' असेल आणि कागदावर उतरवलेली तारीख समजा रविवार, २ मार्च अशी असेल, तर तुमचं नशीब चांगलं. कमी वेळा घेतलेला बॅकअप इथे जास्त कामाचा ठरतो.

गूगलची तारीख ४ मार्चच्या रात्री आठच्या आधीची असेल तर रस्ता सोपा आहे: ॲप काढायचं, पुन्हा टाकायचं, त्याच नंबरने आणि फोनवर त्याच गूगल खात्यासह सुरू करायचं, आणि 'रिस्टोअर' विचारेल तिथे हो म्हणायचं. ही विचारणा सुरुवातीला एकदाच होते. 'स्किप' केलं तर पुन्हा ॲप काढून पहिल्यापासून करावं लागतं. बॅकअपला कधी पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची की लावून ठेवली असेल तर ती हाताशी हवी. ती विसरली असेल तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, व्हॉट्सॲपलाही नाही.

गूगलचा बॅकअप बदलून गेला असेल तर फोनमधल्या जुन्या फाइलकडे वळायचं. व्हॉट्सॲप साधारण मागच्या सात दिवसांच्या फाइल ठेवतं आणि त्यापेक्षा जुन्या काढून टाकतं. म्हणजे ४ मार्चची फाइल ११ मार्चच्या आसपास जाणार. एवढीच मुदत आहे, म्हणून हे आज-उद्यातच करा. फाइल `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` मध्ये असते.

पहिलं पाऊल: फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि तो सबंध `WhatsApp` फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. यात आळस नको. ॲप काढताना फोन हे फोल्डरही पुसू शकतो, आणि मग ना नवी फाइल उरते ना जुनी. शिवाय काही चुकलं तर आजच्या स्थितीत परत यायला हीच प्रत उपयोगी पडते.

दुसरं: `Databases` मधल्या फाइल बघा. तारीख नसलेली `msgstore.db.crypt14` ही सगळ्यात ताजी, म्हणजे बुधवारी पहाटेची. तुम्हाला ती नको. नावात ४ तारीख असलेली हवी. नावाबद्दल शंका वाटली तर फाइलच्या माहितीत शेवटची बदललेली वेळ बघा, ती मंगळवार पहाटे दोनच्या आगेमागे असायला हवी. मग कॉम्प्युटरवरच्या कॉपीत ताज्या फाइलला दुसरं काही नाव द्या आणि जुन्या फाइलचं नाव असं बदला:

```
msgstore-2025-03-04.1.db.crypt14
        ↓
msgstore.db.crypt14
```

शेवटचा आकडा तुमच्या फोनमध्ये १४ऐवजी १५ असू शकतो. जो असेल तो तसाच ठेवा. तो नुसता आकडा नाही, फाइल कोणत्या पद्धतीने कुलूपबंद केली आहे ते तो सांगतो. आकडा बदलला तर फाइल उघडणार नाही.

तिसरं: ॲप काढा, पुन्हा टाका, पण उघडू नका. आधी तो सुधारलेला फोल्डर फोनमध्ये जिथे होता तिथेच परत ठेवा. मग ॲप उघडा, नंबर द्या. गूगल खात्यातून बॅकअप शोधू का असं विचारेल तिथे परवानगी देऊ नका, नाहीतर ते तिकडचा ताजा, दादाची चॅट नसलेला बॅकअप पुढे करेल. तरीही तोच दाखवत असेल तर फोनच्या सेटिंग्जमधून तात्पुरतं ते गूगल खातं काढून मग करा. बरोबर झालं असेल तर फोनमध्ये बॅकअप सापडला असं म्हणून तो मंगळवार पहाटेची वेळ दाखवेल. वेळ वेगळी दिसली तर 'रिस्टोअर' दाबू नका, मागे जाऊन फाइलचं नाव तपासा.

याची किंमतही ऐकून ठेवा. रिस्टोअर म्हणजे सगळं व्हॉट्सॲप त्या क्षणाला परत जातं, एकटी दादाची चॅट नव्हे. मंगळवारी पहाटे दोननंतर आलेले सगळ्यांचे सगळे मेसेज तुमच्या फोनवरून जातील. दोन-तीन दिवसांत कोणाशी महत्त्वाचं काही बोलणं झालं असेल तर त्या चॅट आधी एक्सपोर्ट करून ईमेलने स्वतःला पाठवा. आणि काल जी चॅट तुम्ही मुद्दाम, विचार करून पुसली असेल तीही परत येईल. ज्या दोन डिलीट केल्या त्याही.

म्हणून माझं मत विचाराल तर आधी दादाकडून एक्सपोर्ट, मग `Media` फोल्डरमधला शोध, आणि त्यानंतरही मोठं भोक राहिलं तरच रिस्टोअर. मात्र `WhatsApp` फोल्डरची कॉम्प्युटरवरची कॉपी आजच करून ठेवा. ती केली की सात दिवसांची घाई संपते आणि रिस्टोअर करायचं की नाही हे सावकाश ठरवता येतं. फक्त जितकं लांबवाल तितके नंतरचे मेसेज जास्त जातील.

एक जाता जाता. तुम्ही टेलिग्रामही वापरत असाल तर तिथे हे सगळं गृहीत धरू नका. तिथे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि खाजगी चॅट डिलीट करताना समोरच्यासाठीही पुसायची का असा चौकोन असतो. त्यावर खूण केली तर दादाकडचीही प्रत जाते. मग कोणाला फोन करणार?

राहिली जागा. क्लिअर करून तुम्ही हजारो मेसेज घालवलेत, पण मजकुराला जागा लागते किती? वर्षभराचं लेखी बोलणं एखाद्या मिनिटभराच्या व्हिडिओपेक्षा हलकं असतं. जागा खातात ते व्हिडिओ आणि फॉरवर्ड. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या वस्तू आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वस्तू तिथे वेगळ्या काढून दिलेल्या असतात. खाली प्रत्येक चॅटने किती जागा घेतली तेही उतरत्या क्रमाने दिसतं. तिथून एकेक चॅट उघडून नको ते व्हिडिओ निवडायचे आणि काढायचे. मेसेज जागच्या जागी राहतात. काढलेले व्हिडिओ मात्र तसेच परत येत नाहीत, तेव्हा रिपोर्टचे फोटो असलेल्या चॅटमध्ये 'सिलेक्ट ऑल' नको.

सगळं आटोपलं, दादाची चॅट दिसायला लागली किंवा एक्सपोर्ट हाती आला, की 'चॅट बॅकअप'मध्ये जाऊन गूगलचा आपोआप बॅकअप पुन्हा चालू करा. मी 'वीकली' ठेवेन. फोनमधला रोजचा बॅकअप सात दिवस असतोच, आणि आठवड्याने बदलणारी दुसरी प्रत वर असली की चूक लक्षात यायला चार दिवस लागले तरी कुठेतरी काहीतरी सापडतं.